दोन्ही बाजूंनी छपाई: मागची बाजू उलटी येतेय, मदत हवी

शाईपेन: पीडीएफ दोन्ही बाजूंनी छापायची आहे. पुढची बाजू ठीक, मागची दर वेळी डोकं खाली. ड्रायव्हर काढून परत टाकला, फरक शून्य. उद्या सकाळी प्रती द्यायच्या आहेत, लवकर सांगा.

कोरा_कागद: कागद प्रिंटर उलटतो की तुम्ही हातानं? पानं उभी की आडवी?

शाईपेन: प्रिंटरच उलटतो. पानं उभी, ए-४.

निवांत: सोपं आहे. फाइलमधली सम पानं १८० अंशांत फिरवा आणि छापा. मी नेहमी तेच करतो.

समासवाला: फाइलला हात लावू नका. उभ्या पानांना Flip on long edge लागतं आणि बहुधा तेच आधीपासून निवडलेलं असतं. तरी उलटं येतंय, म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलंय. एका बाजूवर एकच पान छापताय ना?

शाईपेन: नाही, दोन-दोन. कागद वाचतो. त्याचा काय संबंध?

समासवाला: सगळा संबंध तोच! दोन पानं शेजारी बसवली की कागद आडवा धरून वाचावा लागतो. मग डावीकडची कड, जिथून आपण पुस्तकासारखं उलटतो, ती आखूड असते. म्हणून Flip on short edge निवडा. काही ड्रायव्हर हा हिशोब स्वतःच करतात, तेव्हा आधी फक्त १ ते ४ पानं छापा. एकाच कागदावर कळेल.

निवांत: माझ्या युक्तीनंही हेच होईल.

समासवाला: नाही होणार. इथे पुढे १ आणि २, मागे ३ आणि ४. सम पानं फिरवलीत तर पुढचं २ उलटं होईल आणि मागचं ३ तसंच राहील. ३ आणि ४ दोन्ही फिरवलीत तरी ४ डावीकडे, ३ उजवीकडे येईल, कारण अख्खी बाजूच फिरलेली आहे.

दुपारची_वही: माझंही असंच! गठ्ठा हातानं परत घालते, तर १ च्या मागे शेवटचं पान येतं.

कोरा_कागद: तुमचा घोळ क्रमाचा आहे, दिशेचा नाही. मागची पानं उलट्या क्रमानं छापून बघा. वेगळा धागा काढा ना.

शाईपेन: short edge नं पीडीएफ सरळ आली! पण वर्डमधून अजून उलटंच.

समासवाला: वर्डच्या छपाईच्या पानावर ही निवड वेगळी असते. तिथेही Flip pages on short edge घ्या. मात्र प्रिंटरचं कायमचं सेटिंग बदलू नका, नाहीतर पुढच्या साध्या उभ्या प्रती उलट्या येतील.

कोरा_कागद: आणि वरच्या कडेला पिन मारून वहीसारखं वर उलटायचं असेल, तर बरोबर याच्या विरुद्ध.

शाईपेन: पिन डावीकडेच. एक राहिलं, मधे एका पानावर आडवा तक्ता आहे. त्याचं काय?

निवांत: तो वेगळ्या कागदावर छापा.

समासवाला: मग पुढची सगळी पानं सरकतील. तक्ता कुठल्या क्रमांकाच्या पानावर आहे?