मदत हवी आहे: डबे वाढले, पण महिनाअखेर हातात पैसे उरत नाहीत

माझी धाकटी बहीण वाकडला डबे पुरवते. घरगुती साठ डबे होते, तोवर ठीक चाललं होतं. आता हिंजवडीतल्या एका ऑफिसचे तीस डबे मिळालेत आणि तेव्हापासून दर वीस तारखेनंतर ती माझ्याकडे उसने मागते.

डबा ७० रुपयांना, खर्च ५०. म्हणजे २६ दिवसांत या तीस डब्यांवर १५,६०० रुपये सुटतात. पण भाजीवाला सकाळीच रोख घेतो, सिलिंडर रोख, पोळ्यांच्या मावशींना दर शनिवारी पगार. ऑफिस मात्र महिना संपल्यावर बिल घेतं आणि ४५ दिवसांनी पैसे देतं. पहिला चेक येईपर्यंत अडीच महिन्यांचा खर्च, जवळजवळ ९७,५०० रुपये, तिच्याच खिशातून जातो. नफा वहीत दिसतो, गल्ल्यात नाही. त्यात ते आणखी वीस डबे मागतायत!

मला वाटतं, कर्जाआधी उधारीचे दिवस कमी करावेत. उद्यम नोंदणी असेल आणि लेखी करार नसेल, तर कायद्याने १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांपुढे नाही. पण हे सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल, अशी तिला भीती आहे.

कुणी ऑफिसकडून पंधरवड्याचं बिल किंवा आगाऊ रक्कम घेता का? बोलणं कसं काढलंत? घरगुती गिऱ्हाइकं महिन्याचे पैसे एक तारखेला देतात का? वीस डबे घ्यावेत की थांबावं?