टाचांच्या भेगांसाठी युरियाचे क्रीम की साल काढणारे मोजे? मदत हवी आहे

स्मिता_ताई: मी शाळेत शिकवते आणि दिवसाचे पाच-सहा तास उभी असते. दोन्ही टाचांची कातडी जाड झाली आहे, आणि डाव्या टाचेच्या एका भेगेतून चालताना कधीकधी रक्त येते. भाचीचे लग्न २० दिवसांवर आहे. दुकानात २५ टक्के युरियाचे क्रीम आणि ग्लायकोलिक, लॅक्टिक व सॅलिसिलिक ॲसिड असलेले एकदाच वापरायचे प्लास्टिकचे मोजे, असे दोन पर्याय आहेत. कोणता घ्यावा?

रानवारा: मोजेच घ्या. भेगा जाड कातडीमुळे पडतात, ॲसिडने ती कातडी निघाली की भेगा आपोआप बुजतात. तासभर घाला, दुसऱ्या दिवशी पाय मऊ होतात.

औषधवाला: भेगांचे कारण रानवारा यांनी बरोबर सांगितले आहे, परंतु पुढचे तसे नाही. ही ॲसिडे मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतात, त्यामुळे साल साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी सुटू लागते आणि आठवडा-दोन आठवडे निघत राहते. त्यातही तळव्याची पातळ कातडी आधी सुटते. टाचेची, म्हणजे जिथे खरी गरज असते तिथली, सर्वांत कमी. उघड्या भेगेत ॲसिड गेले तर आग होऊन जखम वाढू शकते, म्हणून ताईंनी मोजे टाळावेत.

युरिया हे ॲसिड नव्हे. दहा टक्क्यांपर्यंत ते मुख्यतः पाणी धरून ठेवते, वीस-पंचवीस टक्क्यांना जाड कातडी मऊही करते. रात्री पाय धुऊन, किंचित ओलसर असतानाच चोळावे आणि सुती मोजे घालावेत. रक्त येणाऱ्या भेगेत मात्र ती बुजेपर्यंत केवळ पेट्रोलियम जेली भरावी. आठवड्यात खरखर कमी होईल, खोल भेग लग्नापर्यंत पूर्ण भरेलच असे नाही. क्रीम थांबवले आणि मागून उघड्या चपला तशाच राहिल्या, तर जाडी परत येते.

कुडाळकर: माझ्या आईला मधुमेह आहे. आम्ही तिच्या टाचांना भिरंडेल तापवून लावतो आणि वजरीने घासतो. तिला हे मोजे चालतील का?

औषधवाला: नाही. वजरीही बंद करा. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असली तर चटका किंवा खरचटणे कळतही नाही. त्यांचे पाय आधी डॉक्टरांना दाखवा. भिरंडेल कोमट करून, तापमान तुमच्या हातावर पाहून, भेग उघडी नसेल तिथे लावायला हरकत नाही.

स्मिता_ताई: एक सांगायचे राहिले. डाव्या तळव्याच्या रेषांमध्ये पिठासारखी पांढरी पूड दिसते आणि बोटांच्या बेचक्यात खाज येते. उजव्या पायाला असे काही नाही.

औषधवाला: मग ही बुरशी असू शकते, आणि तसे असेल तर नुसत्या क्रीमने ती जाणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ती तपासणी आधी करा. तपासणीपूर्वी बुरशीचे मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही.

रानवारा: उजव्या टाचेला उघडी भेग नसेल, तर निदान तिथे मोजा वापरता येईल ना?

औषधवाला: येईल, परंतु साल लग्नाच्या आठवड्यातही निघत राहू शकते. मी वापरणार नाही.

स्मिता_ताई: शुक्रवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे जात आहे. उजव्या पायाचेही त्यांनाच विचारते.