अनुभव धागा: पगाराच्या स्लिपवरची कोणती कपात तुम्हाला उशिरा कळली?

निळीशाई (धागाकर्ती)
तीन वर्षं मी स्लिपवर फक्त हातात येणारा आकडा बघत आले. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा पीएफचं पासबुक उघडलं आणि धस्स झालं. बेसिक १८,०००, स्लिपवर पीएफ कपात १,८००. पासबुकात माझ्या रकान्यात १,८००, पण कंपनीच्या रकान्यात फक्त ५५०! कंपनी आपल्याइतकेच भरते ना? तुम्हीही कुठल्या ओळीशी अडला असाल तर लिहा.

उंबरठा
अकरा वर्षं पगारपत्रकं करतोय, हा प्रश्न दर महिन्याला येतो. शेजारचा पेन्शनचा रकाना बघा, तिथे १,२५० असतील. कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि त्यासाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात. १,२५० आणि ५५० मिळून १,८००, म्हणजे पैसे पूर्ण भरलेत. तुमच्या कंपनीने पीएफसुद्धा १५,००० वरच धरलाय, तेही नियमात बसतं. पूर्ण बेसिकवर धरला असता तर तुमचे २,१६० कापले गेले असते आणि कंपनीच्या रकान्यात ९१० दिसले असते.

सांजवात
पेन्शनचे पैसे नोकरी सोडली की पीएफबरोबर काढता येतात, काळजी नको.

उंबरठा
दहा वर्षं सेवा व्हायच्या आतच. त्यानंतर ते काढता येत नाहीत, वयानुसार पेन्शनच मिळते. आणि आत काढले तरी रकान्यातली बेरीज मिळत नाही, सेवेची वर्षं आणि पगार यांवरून तक्त्याप्रमाणे रक्कम ठरते.

कोवळंऊन
माझं पीएफचं नाही, व्यवसाय कराचं. पगार २३,०००, तरी दर महिन्याला २०० कापत होते, फेब्रुवारीत ३००. मैत्रिणीच्या स्लिपवर ती ओळच नव्हती म्हणून विचारलं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत हा कर नाही. सॉफ्टवेअरमध्ये मी 'पुरुष' म्हणून नोंदले गेले होते! पाच महिन्यांचे पैसे पुढच्या पगारात परत आले.

दगडीपायरी
फेब्रुवारीतले जादा १०० मला दंड वाटले होते. वर्षाचे २,५०० पूर्ण करायला ते घेतात, हे नंतर कळलं.

निळीशाई
उंबरठा, पेन्शनच्या रकान्यात १,२५० आहेत, जीव भांड्यात पडला. पण मागच्या वर्षीचा ऑगस्ट पासबुकात दिसतच नाही. स्लिपवर मात्र कपात आहे.

उंबरठा
याची मात्र काळजी करा. त्या महिन्याचे पैसे १५ सप्टेंबरपर्यंत भरायला हवे होते. त्या महिन्याची स्लिप जोडून कंपनीला लेखी विचारा, तोंडी नको. कधी नोंद चुकीच्या यूएएनवर पडलेली असते, कधी भरणाच झालेला नसतो. चलन मागितलं की यातलं काय झालं ते कळेल.

निळीशाई
आजच मेल केला. उत्तर आलं की इथेच लिहीन.