मदत हवी आहे: सीईटीत 200 पैकी 118 मार्क, मग 93 पर्सेंटाइल कसं?

बाबा_परभणी: नमस्कार मंडळी. मुलीचा एमएचटी-सीईटी पीसीएमचा निकाल लागलाय. आन्सर की लावून तिने मार्क मोजले तर 118 भरतात, म्हणजे 59 टक्के. स्कोअरकार्डवर मात्र फिजिक्स 87.4, केमिस्ट्री 94.1, मॅथ्स 91.3 आणि टोटल 93.2 (पुढचे आकडे सोडलेत, तिथे सात दशांश स्थळं आहेत!). आमच्याकडे तर सगळे "93 टक्के पडले" म्हणून पेढे मागायला लागलेत. त्यात तिघांची सरासरी काढली तर 90.9 येते, 93.2 येतच नाही. निकालात गडबड आहे का?

सोलापूरी_चटणी: गडबड नाही हो काका. मॅथ्सचे प्रश्न 2 मार्काचे असतात ना, फिजिक्स केमिस्ट्रीचे 1 चे, म्हणून मॅथ्स दोनदा धरून सरासरी काढायची, मग बरोबर येईल.

बाबा_परभणी: तसंही करून बघितलं, 91.03 येतं.

मीनल_क्लासवाली: चटणी, 50 प्रश्न दुप्पट मार्कांचे हे खरंय, पण ते मार्कांच्या बेरजेत आधीच धरलेलं असतं. पर्सेंटाइलची सरासरी काढतच नाहीत.

दादा, 118 हे तिने किती सोडवलं ते सांगतं. 93.2 हे तिच्या सेशनला बसलेल्यांपैकी किती जण तिच्याइतक्या किंवा तिच्यापेक्षा कमी मार्कांवर थांबले ते सांगतं. समजा त्या सेशनला 15,000 मुलं होती, तर 13,980 जण 118 किंवा त्याखाली आहेत, वर 1,020. पेपर सोपा असता आणि तेच 118 पडले असते तर वर कितीतरी जास्त मुलं गेली असती आणि पर्सेंटाइल 80 च्या घरातही आला असता, मार्क तेवढेच.

आता टोटलचं. त्याच 15,000 मध्ये फिजिक्सला तिच्या वर 1,890 मुलं, केमिस्ट्रीला 885, मॅथ्सला 1,305. पण ही सगळी तीच मुलं नाहीत ना! केमिस्ट्रीत पुढे असलेल्यांपैकी बरेच मॅथ्सला गळपटतात, कारण तिकडे 100 मार्क आहेत. तिन्हीची बेरीज करून पुन्हा रांग लावली की ते तिच्या मागे जातात. म्हणून टोटलला फक्त 1,020 वर उरले. सगळीकडे बऱ्यापैकी असलेल्या मुलाचा टोटल सरासरीपेक्षा वर जातो हे दरवर्षी दिसतं.

संतापलेला_पालक: हे सगळं कागदावर ठीक आहे ताई, पण आमच्या चिरंजीवाला 121 पडलेत आणि पर्सेंटाइल 92.1. यांच्या मुलीपेक्षा 3 मार्क जास्त आणि नंबर मागे, याला काय म्हणायचं??

मीनल_क्लासवाली: दोघांचं सेशन एकच होतं का?

संतापलेला_पालक: नाही, त्याचा सकाळचा होता, तारीखही वेगळी असणार.

मीनल_क्लासवाली: मग त्याचा पेपर थोडा सोपा गेला असणार, त्याच्या सेशनला 121 च्या वर जास्त मुलं गेली. प्रत्येक सेशनचा टॉपर 100 च धरतात, मग त्याला 178 असोत की 195. पेपर वेगवेगळे असल्यामुळे मार्क थेट जुळवता येत नाहीत म्हणून हा उपाय.

ओंकार_थर्डइयर: पण यात एक गृहीत आहे, की दोन्ही सेशनला हुशार मुलं सारख्याच प्रमाणात आली. एखाद्या सेशनला चांगली पोरं जास्त आली तर त्यांचा तोटाच होणार.

मीनल_क्लासवाली: हो, ते गृहीत आहेच. हजारो मुलं असली की फरक लहान राहतो, शून्य होतो असं मी म्हणणार नाही.

शुभदा_नाशिक: माझ्या भाचीला बारावीला पीसीएममध्ये 44 टक्के आहेत, ओपन आहे, सीईटी पर्सेंटाइल 81. मग टक्केवारी चालेल ना पर्सेंटाइल चांगला आहे तर?

ओंकार_थर्डइयर: मावशी, इंजिनीअरिंगच्या पात्रतेला ओपनसाठी बारावीचे 45 टक्के लागतात, आरक्षितांना 40. तिथे पर्सेंटाइल कामाचा नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा.

बाबा_परभणी: थोडं डोक्यात उतरलं. म्हणजे राज्यात 3 लाख मुलं धरली तर हिच्या वर 6.8 टक्के, साधारण 20,400. हाच मेरिट नंबर समजू का?

मीनल_क्लासवाली: अंदाज म्हणून धरा. सीईटी दिलेले सगळे कॅपला रजिस्टर करत नाहीत, त्यामुळे कॅपच्या यादीतला नंबर आल्यावरच गेल्या वर्षीच्या कटऑफशी जुळवा. आणि पर्सेंटाइलमधला फरक सगळीकडे सारखा नसतो, मधल्या पट्ट्यात 5 मार्कांनी बरेच पॉइंट हलतात, वर 99 वरून 99.9 ला जायला मार्क खूप लागतात, आणि तेवढ्यात नंबर 3,000 वरून 300 वर येतो.

सोलापूरी_चटणी: मग पेढे द्यायचे की नाही?

बाबा_परभणी: दिले कालच. कुणी कॅपच्या ऑप्शन फॉर्मबद्दल सांगेल का, 93 ला कॉम्प्युटर सोडून ईअँडटीसी आधी टाकायचं का?