१५ सेंटीमीटर मनगटाला घड्याळ कोणत्या मापाचं घ्यावं? मदत हवी आहे

मनगटाचा घेर १५ सेंटीमीटर. वरचा सपाट भाग पट्टीनं मोजला तर ४७ मिलिमीटर भरतो.

आधीचं घड्याळ ४२ मिमी केसचं होतं, तेही फोटो पाहून मागवलेलं. खरी गडबड व्यासाची नव्हतीच. पट्टा अडकवायचे जे लग असतात, त्यातल्या वरच्या लगच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ते ५० मिमी होतं, त्यामुळे दोन्ही टोकं मनगटाबाहेर यायची, पट्टा सरळ खाली लोंबायचा आणि मध्ये फट राहायची. जाडी १३ मिमी. गाडीचा हँडल धरला की घड्याळाची चावी हाताच्या पाठीवर रुतायची. पट्टा कसला की वळ, सैल केला की घड्याळ कलंडायचं.

यावेळी पुठ्ठा कापून हातावर ठेवून पाहिला. ४६ मिमी लांबीचा जेमतेम आत बसतो, ४४ चा आरामात. पण पुठ्ठ्यावरून जाडी कुठे कळते!

आता दोन घड्याळं डोक्यात आहेत. एक ३६ मिमी ऑटोमॅटिक, लांबी ४४, जाडी १२. दुसरं ३८ मिमी क्वार्ट्झ, लांबी ४६, जाडी ९, पण लग एकदम सरळ, खाली वळलेले नाहीत. पट्टा दोन्हींना कापडीच लावणार, तोही मागून न जाणारा, म्हणजे जाडी वाढणार नाही. आमच्या तालुक्याला, दारव्ह्यात, ही मापं हातात घालून पाहायला मिळाली नाहीत. नागपूरला फक्त यासाठी जाणं होत नाही.

बारीक मनगटवाल्या भाऊ-ताईंनो, दिवसभर वापरताना जास्त काय खुपतं: १२ मिमीची जाडी, की ४६ मिमीचे सरळ लग?