बाबांची साठीशांत : खर्चाची वाटणी

"एकूण खर्चाचे सरळ तीन भाग करू."

दादा, हॉल आणि गुरुजींच्या ३०,००० पुरतं मान्य, प्रत्येकी १०,०००. जेवणाचं मात्र ताटावर धरू या. ४०० रुपये ताट. बाबांच्या मित्रमंडळींची ३० ताटं तिघांत, म्हणजे प्रत्येकी ४,०००. बाकी ज्याची माणसं, त्याची ताटं. तुझी ३०, ताईची २०, माझी १०. म्हणजे तू २६,०००, ताई २२,०००, मी १८,०००. ताईने सासरची माणसं मोकळ्या मनाने बोलवावीत, म्हणूनच हे सुचवतेय.

एक राहिलंच. केटरर आधी सांगितलेल्या ताटांचे पैसे घेतोच, माणसं कमी आली तरी. त्यामुळे गुरुवारपर्यंत आपापला पक्का आकडा इथेच टाका. आई-बाबांकडून काही घ्यायचं नाही, हे मला मनापासून वाटतं.