मदत हवी आहे : क्त्वान्तांची साखळी कुठे तोडावी?

कोल्हापुरातल्या वाचनगटासाठी संस्कृत कथांचं भाषांतर चालू आहे. नमुन्यासाठी हे वाक्य रचलंय: ‘सः पञ्चगङ्गां गत्वा स्नात्वा वस्त्रं परिधाय देवं सम्पूज्य गृहम् आगत्य भुक्त्वा सुष्वाप।’

सगळीकडे ‘-ऊन’ लावलं की सहा ऊन-रूपं होतात आणि वाचणारा शेवटच्या क्रियापदापर्यंत दमतो. म्हणून जागा बदलते तिथे तोडलं: ‘तो पंचगंगेवर गेला. स्नान करून, वस्त्र नेसून त्याने देवाची पूजा केली. मग घरी येऊन जेवला आणि झोपला.’

अडचण कर्त्याची. क्त्वान्तात कर्ता एकच असतो. इथे मात्र तो, त्याने, पुन्हा (अध्याहृत) तो. ‘पूजा केल्यावर’ केलं तर कर्ता वेगळाही असू शकतो, म्हणून ते टाळलं. ‘त्याने’नंतर ‘तो’ गाळलेला चालेल का? तुम्ही कुठे तोडता?